मदत हवी आहे: वर्गांच्या सरासरीतून सरासरीचा वर्ग वजा केला तर nan येतंय

पिनहेडर
लिफ्ट चालू आहे की थांबलेली, हे हवेच्या दाबावरून ओळखायचंय. १०० रीडिंगचं प्रमाण विचलन काढतो. सूत्र साधंच आहे, वर्गांची सरासरी वजा सरासरीचा वर्ग, मग वर्गमूळ. पण आउटपुट हे असं:

```
nan
0.00
32.00
nan
45.25
```

लिफ्ट जागेवर उभी आहे, कोणी हात लावलेला नाही. हाच कोड तापमानावर अगदी बरोबर चालतो, म्हणजे सूत्रात चूक नाही. सेन्सर खराब आहे का? शनिवारी डेमो आहे, लवकर सांगा.

बोर्ड_आधी_सांगा
बोर्ड कुठला, सेन्सर कुठला, व्हेरिएबल कुठल्या टाइपचे, कोड कुठे आहे? आम्ही काय कुंडली मांडून सांगायचं?

घाईत_गोविंद
वर्गमूळाच्या आत ऋण संख्या जातेय. `sqrt(fabs(v))` करा, nan बंद. दोन मिनिटांचं काम.

आकडेमोड
fabs अजिबात लावू नका. nan निदान ओरडून सांगतोय की काहीतरी बिघडलंय. fabs लावलं की त्याच जागी ५५ वगैरे आकडा येईल आणि उभी लिफ्ट पळतेय असं वाटेल. शून्याखाली गेलं तर शून्य धरणं हाही तोच प्रकार.

धागाकर्ते, एक विचारतो. 32.00 आणि 45.25 हे आकडे वारंवार येतात का? ३२ चा वर्ग १०२४. ४५.२५ चा वर्ग साधारण २०४८. तुमचा व्हेरिअन्स १०२४ च्या पायऱ्यांनी उड्या मारतोय. सेन्सरचा गोंगाट असा गोल आकड्यांत येत नाही. उत्तराचा अंदाज आहे, पण कोड टाका.

पिनहेडर
हो, तेच आकडे फिरून फिरून येतात, कधीकधी 55.43 पण. बोर्ड उनो, सेन्सर BMP280. पुण्यात आहे, दाब ९४,७८० पास्कलच्या आसपास. आणि मी `float` नाही, `double` वापरलाय, त्यामुळे अचूकतेचा प्रश्नच येत नाही.

```cpp
double s = 0, s2 = 0;
for (int i = 0; i < 100; i++) {
  double x = bmp.readPressure();
  s += x;
  s2 += x * x;
}
double v = s2 / 100 - (s / 100) * (s / 100);
Serial.println(sqrt(v));
```

s2 प्रिंट करून बघितलं तर `ovf` येतं.

घाईत_गोविंद
मग ओव्हरफ्लो होतोय, आणखी काय! इतके मोठे वर्ग बेरजेत मावत नाहीत. दाब हेक्टोपास्कलमध्ये घ्या, १०० ने भागून. आकडे लहान झाले की प्रश्न मिटला.

आकडेमोड
दोन्ही नाही.

`ovf` हे बेरीज फुटल्याचं लक्षण नाही. आर्डुइनोचं `print` ४,२९,४९,६७,०४० च्या वरचा दशांश आकडा छापतच नाही, त्याऐवजी ovf लिहितं. आत आकडा शाबूत असतो, float ३.४ × १०³⁸ पर्यंत जातो. तुमची बेरीज ९ × १०¹¹ च्या आतच आहे.

१०० ने भागूनही काही साधत नाही. दाब शंभरपट लहान झाला की व्हेरिअन्स दहा हजारपट लहान होतो आणि वर्गही दहा हजारपट लहान होतात. दोघांचं आपसातलं प्रमाण तेच राहतं, आणि इथे सगळा खेळ त्या प्रमाणाचाच आहे.

आता double. उनोवर `double` म्हणजे `float` च, दोन्ही चार बाइट. `Serial.println(sizeof(double));` करून बघा, 4 येईल. चार बाइटमध्ये अर्थपूर्ण बिट फक्त २४, म्हणजे दशमानात जेमतेम सात अंक. ९४,७८२ चा वर्ग ८,९८,३६,२७,५२४. दहा अंक झाले, सातच मावतात. या आकाराचा float दर १०२४ ला एकच आकडा धरू शकतो. मधलं काही अस्तित्वातच नाही. तुमचा खरा व्हेरिअन्स दोन-तीन असणार. १०२४ च्या खुणा असलेल्या पट्टीवर दोन मोजताय तुम्ही.

वजाबाकीत नवी चूक होत नाही. ती बिचारी तंतोतंत होते. पण तिच्याआधीच शेवटचे अंक गेलेले असतात आणि पुढचे सारखे अंक एकमेकांना खाऊन टाकतात. हाती राहतो तो गोलाईचा गाळ.

तापमानावर चाललं, कारण २७ चा वर्ग ७२९. तिथे पट्टीच्या खुणा ०.००००६ च्या अंतरावर असतात. ०.०४ व्हेरिअन्स असला तरी बऱ्यापैकी निघतो.

खात्री करायची तर सेन्सर बाजूला ठेवा. त्या लूपमध्ये `x = 94782` असं पक्कं लिहा आणि v छापा. शंभर एकसारखे आकडे, व्हेरिअन्स शून्य यायला हवा. तुमच्या कोडने -3072.00 येईल.

पिनहेडर
-3072.00 च आलं! ऋण का पण? गोलाई दोन्ही बाजूंना व्हायला हवी ना, सरासरीने कटली पाहिजे.

आकडेमोड
गोंगाट असेल तर बरीचशी कटते. इथे आकडा एकच आहे, त्यामुळे गोलाईही दर वेळी तीच. बेरीज वाढत जाते तशी तिची पट्टी जाडी होते. ६२ व्या रीडिंगपासून खुणा ६५,५३६ च्या अंतरावर जातात आणि तिथून पुढे प्रत्येक बेरजेत १८ × १०२४ इतकं खाली कापलं जातं. त्याआधी ३२ ते ६१ मध्ये उलट १४ × १०२४ वर चढत होतं. सगळं मिळून शेवटी बेरीज ३२८ × १०२४ ने कमी पडते. १०० ने भागलं की तीन पायऱ्या आणि थोडं वर, म्हणून −३०७२.

गणित_शिकवते
अहो, मुळात १०० ने भागणंच चूक आहे. नमुना असेल तेव्हा n−1 ने, म्हणजे ९९ ने भागायचं. शिवाय एवढे मोठे आकडे असताना कोणी थेट वर्ग करतं का? वाणिज्य शाखेची मुलंसुद्धा आधी गृहीत मध्य वजा करतात. पाच रीडिंग घ्या: ९४७८१, ९४७८३, ९४७८०, ९४७८४, ९४७८२. गृहीत मध्य ९४७८०. विचलनं १, ३, ०, ४, २. बेरीज १०, वर्गांची बेरीज ३०. तीस भागिले पाच सहा, वजा दोनाचा वर्ग चार, प्रचरण २. तोंडी होतं.

आकडेमोड
ताई, ९९ की १०० यात फरक एक टक्क्याचा, त्याने nan जाणार नाही. पण गृहीत मध्याचं तुम्ही बोललात ते शंभर टक्के बरोबर, इथलं उत्तर तेच आहे. सूत्र तेच ठेवा, फक्त आधी एक स्थिर आकडा K वजा करा. जवळपासच्या दोन float ची वजाबाकी तंतोतंत होते, त्यामुळे वाटेत काही हरवत नाही.

```cpp
float d = x - K;
s += d;
s2 += d * d;
// १०० रीडिंगनंतर
float v = (s2 - s * s / 100) / 100;
```

K म्हणून पहिलंच रीडिंग चालतं, सरासरीच असायला हवी असं नाही. मात्र सेन्सर चालू केल्यावरचं पहिलं रीडिंग फालतू आलं, शून्य किंवा भलतंच काही, तर K निरुपयोगी आणि तुम्ही पुन्हा मूळपदावर. पहिली चार-पाच रीडिंग फेकून मग K धरा.

वेलफोर्डवादी
एवढा खटाटोप कशाला? वेलफोर्डची १९६२ ची पद्धत याचसाठी आहे. K निवडायचा प्रश्नच नाही.

```cpp
n++;
float d = x - mean;
mean += d / n;
m2 += d * (x - mean);
```

शेवटी m2 भागिले n. ऋण येण्याची भीती नाही. मोठमोठ्या सांख्यिकी लायब्रऱ्या हेच करतात.

आकडेमोड
पद्धत चांगलीच आहे, पण या बोर्डावर अशी उघडी नको. mean ९४,७८२ च्या आसपासचा float, त्याच्या खुणा ०.००७८ अंतरावर. d एक पास्कल आणि n ३०० झालं की d/n येतो ०.००३३, अर्ध्या खुणेपेक्षा कमी. mean जागचा हलतच नाही. १०० रीडिंगना निभावेल, दिवसभर चालवाल तर mean गोठेल. x मधून K वजा करून मग वेलफोर्ड लावा.

वेलफोर्डवादी
म्हणजे K आलाच परत. मग ESP32 घ्या आणि खरा double वापरा, आठ बाइटचा. तिथे धागाकर्त्यांचा मूळ कोडसुद्धा चालेल.

आकडेमोड
चालेल, त्यात वाद नाही. पण त्यांचा बोर्ड लिफ्टमध्ये बसलाय.

तात्या_एक्सेल
हा घोळ एक्सेलमध्येही होता बरं का. २००३ च्या आवृत्तीआधी STDEV हेच शॉर्टकट सूत्र वापरायचं. मोठ्या आकड्यांना बारीक फरक असला की भलतंच उत्तर. नंतर आधी सरासरी, मग फरकांचे वर्ग असं दोन फेऱ्यांत करायला लागले. तुम्ही डेटा एक्सेलमध्ये का घेत नाही?

बोर्ड_आधी_सांगा
तात्या, लिफ्टमध्ये एक्सेल?

बाकी, धागाकर्ते, एक विचारायचं राहिलं. दर १०० रीडिंगला नव्याने सुरुवात करताय, की सरकती खिडकी हवी आहे?

पिनहेडर
सरकतीच हवी आहे, ते सांगायचं राहिलं. एका मजल्याला ३० ते ३५ पास्कल फरक पडतो, लिफ्ट निघाल्या निघाल्या कळायला हवं. नवीन रीडिंग आलं की s आणि s2 मध्ये मिळवायचं आणि १०० आधीचं वजा करायचं, असा विचार होता.

आकडेमोड
अहो, हे आधी सांगायचं ना! float मध्ये असं मिळवत-वजा करत बसाल तर प्रत्येक वेळची गोलाई बेरजेत मुरते आणि बाहेर पडत नाही. K घेतला तरी हळूहळू बेरीज सरकते. दोन वाटा आहेत.

१०० रीडिंग तुम्हाला साठवावी लागणारच, ४०० बाइट. उनोवर २०४८ आहेत. मग दर वेळी सरळ दोन फेऱ्या मारा: आधी सरासरी, मग फरकांच्या वर्गांची बेरीज. सरासरी काढतानाही K वजा करून बेरीज करा. लिफ्टसाठी हा वेग पुरेसा आहे.

दुसरी वाट पूर्णांकांची. दाब १०० ने गुणून पूर्णांक करा आणि दोन्ही बेरजा `int64_t` मध्ये ठेवा. पूर्णांकात गोलाई नसते, मिळवलेलं तेवढंच वजा होतं. शेवटी n × वर्गांची बेरीज वजा बेरजेचा वर्ग, हेही पूर्णांकातच, आणि भागाकार सर्वांत शेवटी. `uint32_t` नको, एका वर्गातच फुटेल. `x * x` करण्याआधी x सुद्धा ६४ बिटांचा करून घ्या. या आकड्यांना खिडकी ३२० रीडिंगपर्यंत पुरते, त्यापुढे n ने केलेला गुणाकार ६४ बिटांतही मावत नाही.

वेलफोर्डवादी
वेलफोर्डमध्येही जुनं रीडिंग काढता येतं, सूत्र उलटं चालवायचं.

आकडेमोड
येतं, पण तेव्हा m2 ऋण होणार नाही ही हमी जाते. मी पूर्णांकच घेईन.

पिनहेडर
पूर्णांकाचं केलं. ९४७८२ शंभर वेळा दिलं, 0.00. उभ्या लिफ्टला १.३ ते १.७ येतंय, एक मजला चढली की १० च्या वर. पण दार बंद होताना एकदम ४ वर उडी जाते, लिफ्ट हललेली नसतानाही. हे पण गोलाईचं का?

आकडेमोड
नाही, पूर्णांकात ते शक्य नाही. ती खरी हवा असावी. सेन्सर पंख्याच्या झोतात आहे का? दार बंद होताना कच्ची रीडिंग छापून इथे टाका.

गणित_शिकवते
९९ ने भागलंत की नाही?

घाईत_गोविंद
उंबरठा ५ ठेवा, काम झालं.