मदत हवी आहे: तव्यावरचं व्हेज ग्रिल सँडविच मधे करपतं, कडा पांढऱ्या राहतात, ब्रेड ओला होतो

मीनल_क
मुंबईत गाडीवर भरतात तसंच भरते: हिरवी चटणी, उकडलेला बटाटा, काकडी, टोमॅटो, बीट, कांदा. लोखंडी तव्यावर भाजलं की मधोमध काळा गोल उमटतो आणि कडा पांढऱ्याच राहतात. कापेपर्यंत खालची स्लाइस ओली होऊन सुरीला चिकटते. काय बदलू?

राजा_७७
गॅस मोठा ठेवा, पाणी उडून जाईल. वर झाकण ठेवा, आतूनही गरम होतं. आणि लोणी सढळ हाताने लावा.

सुमनमावशी
लोण्याचं बरोबर आहे, पण गॅस मोठा आणि झाकण दोन्ही नको. झाकणाखाली वाफ कोंडते आणि ब्रेडवरच उतरते.
मीनल, तवा खोलगट असता तर कडाच टेकल्या असत्या. तुझं मधे करपतंय, म्हणजे तवा सपाट आहे आणि ज्योत फक्त मधे लागते आहे. तवा मध्यम आचेवर नीट तापू दे, मग आच कमी कर. लोणी तव्यावर न सोडता ब्रेडला बाहेरून कडेपर्यंत पातळ लाव. वर सपाट बुडाचं जड पातेलं ठेव आणि अर्ध्या मिनिटाने सँडविच जागच्या जागी पाव फेरा फिरव. तेवढ्यानेही कोपरे मागे राहिले, तर ते ज्योतीवर येतील असं सरकव.
ओलेपणा आतून येतो. टोमॅटोच्या बिया काढ, काकडी, टोमॅटो कापडावर टिप. मीठ अगदी शेवटी भुरभुर, आधी घातलंस तर पाणी सुटतं. आतूनही दोन्ही स्लाइसना लोणी लाव, मग चटणी. चटणी पाण्याशिवाय वाट, सैल झाली तर थोडं डाळं घाल. बटाटा ब्रेडला लागून आणि टोमॅटो मधे.

नाशिकची_आई
माझ्या लेकाच्या डब्यात सकाळचं सँडविच मधल्या सुट्टीपर्यंत लिबलिबीत होतं. त्यालाही हेच का?

सुमनमावशी
डब्याला टोमॅटो, काकडी नकोच गं. बटाटा, बीट पुरे. पूर्ण गार झाल्याशिवाय डबा बंद करू नकोस.

मीनल_क
मावशी, करून बघितलं! रंग सगळीकडे सोनेरी आला, कोपरेसुद्धा. वरची बाजू कुरकुरीत आहे, पण ताटलीत टेकलेली बाजू दोन मिनिटांत मऊ पडते.

सुमनमावशी
ताटलीत वाफ अडकते. तव्यावरून थेट जाळीवर काढ, मिनिटभराने काप.

राजा_७७
जाळी मान्य. पण बाहेरून लोण्यापेक्षा तूप बरं, लोणी लवकर करपतं.

सुमनमावशी
करपत नाही असं नाही, पण मंद आचेवर चालतं. तुपाने गाडीवरची चव येत नाही.

मीनल_क
एक बाजू तुपाची, एक लोण्याची करून बघते. ब्रेड ताजा घेऊ की कालचा?