'किमान'ला बोलीत काय म्हणावं?

मीरा, परभणी : रेडिओवर वाचायला ही संहिता आली : "सोयाबीनची पेरणी किमान ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्यानंतरच करावी. बियाणे हेक्टरी ७५ किलो वापरावे." मी ती अशी केली : "चांगला पाऊस पडल्याबिगर सोयाबीन पेरू नका. एकरी एक बॅग बी लागतं." साहेब म्हणाले, भाषा गोड झाली, पण माहिती बदलली. कुठं बदलली?

बालाजी, जिंतूर : 'किमान' म्हणजे 'कमीत कमी'. तेवढं घाला, झालं.

देशपांडे सर, लातूर : तेवढ्यानं होत नाही, बालाजी. आकडाच गेलाय. 'चांगला पाऊस' प्रत्येकाचा वेगळा. कुणाला एक जोराची सर आली की चांगला वाटतो, मग वरची माती भिजते अन् खालची कोरडीच राहते. उगवलेलं रोप पुढच्या उघडिपीत माना टाकतं. दुबार पेरणी तिथूनच येते. दुसरं वाक्य तर जास्त फसवं आहे. एक हेक्टर म्हणजे अडीच एकर धरा, ७५ ला अडीचनं भागलं की एकरी ३० किलो. पूर्वी ३० किलोची बॅग सर्रास मिळायची, म्हणून 'एकरी एक बॅग' तोंडात बसलं. आता बॅगा कमी वजनाच्याही येतात. शब्द तोच राहिला, माप बदललं.

गंगाधर, मानवत : आमच्या गावात ग्रामसेवक अहवाल वाचतो तेव्हा कुणालाच कळत नाही. त्याचं काय करावं?

मीरा : काका, तो वेगळा विषय. सर, मिलिमीटर कानाला कसा लागेल? 'वीतभर ओल' म्हणू का?

देशपांडे सर : नको. ओल किती खोल गेली हे जमिनीवर ठरतं. काळ्या रानातली अन् मुरमाड रानातली वीत एकाच पावसानं भरत नाही. पाऊस मोजायचा तर सरळ कडांचा डबा उघड्यावर ठेवा. ७५ मिलिमीटर म्हणजे त्यात साडेसात सेंटिमीटर पाणी. रोज मोजून ओतायचं अन् बेरीज करायची. मी असं लिहीन : "बाबांनो, पेरायची घाई करू नका. कमीत कमी ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊ द्या, मगच तिफण काढा. बी एकरी ३० किलो घ्या. बॅगवरचं वजन बघून घ्या."

बालाजी : मूळ संहितेत 'बॅगवरचं वजन बघा' कुठं आहे? ही तर तुम्ही भर घातली! अन् तिफण तरी कुणाची? आमच्याकडं समदं ट्रॅक्टरवर पेरतात.

देशपांडे सर : तिफणीचं कबूल, 'मगच पेरा' करू. बॅगेचं वाक्य मात्र साहेबांना विचारून ठेवा, नसता काढा.

मीरा : आणि 'किमान ७५ ते १००' म्हणजे ७५ झाला की पेरायचं, का १०० ची वाट बघायची? हे मला मुळातच कळलं नाही.

देशपांडे सर : ते ज्यानं लिहिलं त्यालाच विचारावं लागेल. 'किमान' म्हटल्यावर 'ते' कशाला, हा माझाही प्रश्न आहे.