मदत हवी आहे : स्टार्टअप स्पर्धेच्या अर्जात तिघा संस्थापकांची ओळख शंभर शब्दांत कशी लिहावी?

केळीखोड_रावेर

नमस्कार. आम्ही जळगाव जिल्ह्यातील तिघे विद्यार्थी एका महाविद्यालयीन स्टार्टअप स्पर्धेत उतरत आहोत. घड कापून झाल्यावर बांधावर फेकले जाणारे केळीचे खोड गोळा करून त्याचा धागा काढायचा आणि तो दोरी व शोभेच्या वस्तू करणाऱ्यांना विकायचा, असा आमचा उद्योग आहे. अर्जात ‘टीमची ओळख’ हा रकाना शंभर शब्दांचा असून तिघांची कौशल्ये एकमेकांना कशी पूरक आहेत हे त्यातून दिसावे, अशी सूचना आहे. नावांच्या जागी अक्षरे घालून आमचा मसुदा देतो :

“अ हा यांत्रिकी अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला असून जिद्दी व तंत्रज्ञानप्रेमी आहे. ब ही कृषी पदवीची विद्यार्थिनी असून तिला शेतकऱ्यांविषयी तळमळ आहे. क हा वाणिज्य शाखेचा असून त्याच्याकडे उत्तम संवादकौशल्य आहे. या तिन्ही गुणांचा सुरेख संगम हीच आमची ताकद आहे.”

आमच्या सरांनी वाचून ‘छान आहे, पण काही कळत नाही’ एवढेच सांगितले. अर्जाची मुदत शुक्रवारपर्यंत आहे.

धुळेकर_अभियंता

प्रत्येकाचे पद लिहा : सीईओ, सीटीओ, सीएफओ. सोबत गुणांची टक्केवारी आणि मिळालेली पारितोषिकेही द्या. कोण कशाला जबाबदार आहे हे मसुद्यात कुठेच नाही, म्हणून सरांना कळले नसावे.

तापीकाठ

माझी तीन एकर मृगबाग आहे आणि दर वर्षी खोडे काढून टाकण्यालाच मजुरी जाते. आपण खोड घ्यायला चोपडा तालुक्यात येता का, आणि वाहतूक कोणाकडे असते?

जुना_परीक्षक

अशा स्पर्धांचे अर्ज मी काही वर्षे तपासले आहेत. धुळेकरांचे जबाबदारीविषयीचे म्हणणे बरोबर आहे, पण पदनामांनी ती कळत नाही, कारण तिघांच्याच संघात सीएफओ लिहिले तर परीक्षक हसतो आणि पुढे जातो. टक्केवारीचेही तेच.

आपल्या मसुद्याची एक साधी परीक्षा करा. त्यातील ‘ब’चे वाक्य उचलून दुग्धव्यवसायाच्या किंवा ठिबक सिंचनाच्या संघाच्या अर्जात ठेवा; ते तिथेही चपखल बसेल. जिद्द, तळमळ, संवादकौशल्य हे शब्द कोणत्याही उद्योगाला चालतात, म्हणून आपल्या उद्योगाविषयी काहीच सांगत नाहीत. हा रकाना वाचताना परीक्षक एवढेच पाहतो की हा धंदा कोणकोणत्या ठिकाणी अडू शकतो आणि त्या प्रत्येक ठिकाणी कोण उभे आहे. पूरक असणे म्हणजे तीन वेगळ्या पदव्या असणे नव्हे. एकाचे काम अडले आणि दुसऱ्याच्या माहितीने ते सुटले, असा एखादा प्रसंग असेल तर तोच लिहावा. असा प्रसंग घडला आहे का? घडला नसेल, तर बनवू नका. मुलाखतीत तो पहिल्याच उलटप्रश्नाला उघडा पडतो.

केळीखोड_रावेर

प्रसंग घडला आहे, पण तो आमच्या फजितीचा असल्याने लिहिला नव्हता. पहिल्या खेपेच्या १८ किलोंपैकी ७ किलो धागा ग्राहकाने परत केला, कारण काही गठ्ठे तपकिरी पडले होते आणि काहींना गर चिकटलेला होता. क ने घेतलेले आणि नाकारलेले, दोन्ही प्रकारच्या गठ्ठ्यांचे नमुने परत आणले, आणि प्रत्येकावर शेताची व तारखेची चिठ्ठी होती, कारण हिशेबासाठी तो आधीपासूनच तशी नोंद ठेवत असे. अ ला सगळा दोष यंत्राचा वाटला. त्याने फिरत्या ड्रमची पाती आणि पट्टी यांच्यातील अंतर कमी केले. गर निघाला, पण धागा तुटू लागला आणि तपकिरी रंग तसाच राहिला. मग ब ने चिठ्ठ्या लावून पाहिल्या, तेव्हा तपकिरी गठ्ठे कापून दोन-तीन दिवस पडलेल्या खोडांचेच निघाले. तेव्हापासून ती बागायतदारांकडून कापणीची तारीख आधीच घेते, खोड त्याच दिवशी यंत्रावर येते, आणि अ ने पात्यांचे अंतर थोडे परत वाढवले. दुसरी खेप २२ किलोंची होती आणि ती पूर्ण घेतली गेली.

जुना_परीक्षक

फजितीच लिहा. चिठ्ठ्या नसत्या तर ब ला काही दिसले नसते आणि अ अजून यंत्रच उघडत बसला असता. आपल्याला हवा असलेला पूरकपणा नेमका हाच आहे. माझा मसुदा असा, तो आपल्या शब्दांत फिरवून घ्यावा :

“केळीच्या खोडाचा धागा तीन ठिकाणी अडतो : शेतात, यंत्रात आणि ग्राहकाच्या दारात. कृषी शाखेची ब रावेर तालुक्यातील __ बागायतदारांकडून कापणीची तारीख आधी मिळवते, म्हणून खोड त्याच दिवशी यंत्रावर येते. यांत्रिकी शाखेच्या अ ने यंत्र स्वतः जोडले असून पात्यांचे अंतर तोच ठरवतो. वाणिज्य शाखेचा क प्रत्येक गठ्ठ्याची नोंद ठेवतो आणि नाकारलेला माल कारणासह परत आणतो. पहिल्या खेपेतील १८ किलोंपैकी ७ किलो धागा परत आला. क च्या नोंदींवरून ब ने शिळी खोडे ओळखली, अ ने गराचा चिकटपणा दूर केला, आणि २२ किलोंची दुसरी खेप पूर्ण स्वीकारली गेली.”

ऐंशीच्या आसपास शब्द झाले आहेत. यंत्र अ ने खरेच स्वतः जोडले आहे, असे मी गृहीत धरले आहे. रिकामी जागा मोजून भरावी.

अमळनेरची_ताई

आमच्या बचत गटाने पापड उद्योगाच्या अर्जात ‘सर्व सदस्या सर्व कामे करतात’ असे अभिमानाने लिहिले होते. मुलाखतीत ‘उधारी कोण वसूल करते?’ असे विचारले आणि आम्ही पाच जणी एकमेकींकडे पाहत बसलो. म्हणून मला विचारावेसे वाटते की आपला धागा पावसाळ्यात वाळवतो कोण? आमचे पापड तिथेच अडतात आणि आपल्या मसुद्यात वाळवण्याचा उल्लेखच नाही.

केळीखोड_रावेर

ताई, सध्या आम्ही तो महाविद्यालयाच्या गच्चीवर दोऱ्या बांधून वाळवतो. पावसाळ्यासाठी कोणाकडेच उत्तर नाही. उरलेल्या शब्दांत ही उणीव लिहावी का?

धुळेकर_अभियंता

मुळीच लिहू नये. ओळखीच्या रकान्यात स्वतःची कमतरता कोण सांगतो?

जुना_परीक्षक

मी लिहिली असती : “पावसाळ्यातील वाळवणीसाठी मार्गदर्शक शोधत आहोत.” एवढे एक वाक्य पुरेसे आहे. अर्थात माझ्यासोबत बसणारे काही परीक्षक यावर गुण कापतात हेही खरे, त्यामुळे आग्रह धरत नाही.

केळीखोड_रावेर

सर्वांचे आभार. यंत्राचे वाक्य बदलावे लागले. सांगाडा गावातील वेल्डिंगवाल्या काकांनी केला असून अ ने ड्रम, पाती आणि मोटार बसवली आहे, तेव्हा तसेच लिहिले. रिकाम्या जागी मी ३४ लिहिले होते, पण ब ने ते खोडले. तिच्या वहीत ३४ जणांचे क्रमांक आहेत. प्रत्यक्ष खोड देणारे ११ आहेत. आता ११ लिहिले आहे. वाळवणीच्या वाक्यावर मात्र अ आणि क यांचे अजून पटलेले नाही, आणि शुक्रवार परवावर आला आहे.

तापीकाठ भाऊ, आपला प्रश्न राहून गेला, क्षमस्व. चोपड्यापर्यंत गाडी नेणे सध्या परवडत नाही, परंतु आपली कापणी कधी आहे ते ब ने विचारले आहे. तिला व्यक्तिगत निरोप पाठवावा.