व्याज ६०,०००, खर्च ९०,०५३ कसा?

> आमच्या जिनिंग कंपनीचे १० लाखांचे परिवर्तनीय रोखे आहेत, ३ वर्षांचे, ६ टक्क्यांचे. सीए साहेबांनी पहिल्या वर्षी फायनान्स कॉस्ट ९०,०५३ धरली. चूक ना?

नाही भाऊ, बरोबर आहे. रोखे शेअरमध्ये बदलून घ्यायचा हक्क नसता तर बाजारात १० टक्के मोजावे लागले असते, असं धरलेलं दिसतं. त्या दराने तिन्ही वर्षांचं व्याज अन् मुद्दल आजच्या किमतीत आणलं की ९,००,५२६ येतात. हे देणं. उरलेले ९९,४७४ इक्विटीत. ते पुन्हा मोजत नाहीत. ९,००,५२६ चे १० टक्के म्हणजे ९०,०५३. त्यातले ६०,००० रोख दिले, ३०,०५३ देण्यात चढले. दुसऱ्या वर्षी ९,३०,५७९ वर १० टक्के. असं चढत तिसऱ्या वर्षाअखेर बरोबर १० लाख होतात; नाही झाले तर दर तपासा. अन् शेअरची संख्या ठरलेली नसेल, तर इक्विटीचा भाग बहुधा निघतच नाही. करारात ते आधी बघा, राजेहो.