नावाखालच्या ओळीत 7 लिहू की 9?

चटई_टू_ठिबक
जळगाव एमआयडीसीत काम करतो. चाकणच्या बाजूला पाइपच्या कंपनीत शिफ्ट इन्चार्जसाठी अर्ज टाकतोय. रेझ्युमेवर नावाखाली ओळ आहे: ‘मेहनती प्रॉडक्शन प्रोफेशनल, 9 वर्षे अनुभव’. दोन महिन्यांत एक फोन नाही. मित्र म्हणतो ओळच काढून टाक. काढू?
हिशोब: जून 2016 ते मे 2017 अप्रेंटिस, जून 2017 ते मे 2021 चटईचा कारखाना, मग घरी, फेब्रुवारी 2022 पासून ठिबकच्या नळ्या. आता जानेवारी 2025 संपतोय.

खान्देशी_भो
काढ भो. खाली सगळं लिहिलेलंच असतं, वर परत कशाला? ती जागा मोबाइल नंबरला दे.

तिसरी_पाळी
काढू नका. माझ्याकडे सुपरवायझरच्या एका जागेला रेझ्युमेंचा गठ्ठा येतो. नाव वाचून नजर खाली उतरते ती थेट या ओळीवर, आणि इथेच कळतं की पुढे वाचायचं की बाजूला ठेवायचं. तुमच्या ओळीत ‘मेहनती’ आहे, पण माणूस कुठल्या मशीनवर उभा राहिलाय ते नाही. प्रॉडक्शन तर दालमिलमध्येही असतं.

दुसरं, तो 9 चा आकडा. चटईची 4 वर्षं आणि ठिबकची 3, म्हणजे 7. तुम्ही अप्रेंटिसशिप आणि मधले आठ महिनेही धरलेत, तेव्हा कुठे 8 वर्षं 8 महिने होतात. खालच्या तारखांची बेरीज मी बोटांवर करतो. वरचा आकडा जुळला नाही की संशय फक्त आकड्यावर राहत नाही, इन्चार्ज झाल्यावर रिजेक्शनचा हिशोबही हा असाच गोल करेल का, असं वाटतं.

मी असतो तर लिहिलं असतं:
‘प्रॉडक्शन सुपरवायझर | 7 वर्षे | प्लास्टिक एक्स्ट्रुजन: ठिबक लॅटरल, चटई’

पाइपवाल्यासाठी लॅटरल आधी, कारण नळीची जाडी आणि व्यास सांभाळणं त्याच्या कामाजवळचं आहे. चटई मागे.

कीवर्ड_किंग
आजकाल आधी सॉफ्टवेअर वाचतं. त्यामुळे एक्स्ट्रुजन, मोल्डिंग, फाइव्ह एस, कायझेन, क्वालिटी, सेफ्टी, सगळं त्या ओळीत टाका. जितके शब्द तितकं वर.

तिसरी_पाळी
अर्धं पटलं. जाहिरातीत ‘एक्स्ट्रुजन’ असेल तर तुमच्याकडेही तोच शब्द हवा, ‘नळ्या काढणे’ नको. पण मोल्डिंग त्यांनी केलेलंच नाही, मुलाखतीत मोल्डविषयी विचारलं तर? शब्दांचा ढीग शेवटी वाचतो माणूसच.
सॉफ्टवेअरचा खरा घोळ वेगळा. काहीजण नाव आणि ही ओळ वर्डच्या हेडरमध्ये टाकतात, आणि काही सॉफ्टवेअर हेडर वाचतच नाहीत. वर्ड आणि पीडीएफ, दोन्हींतला सगळा मजकूर कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवून बघा. ओळ नाही आली किंवा अक्षरं तुटली तर ती साध्या मजकुरात घ्या.

भुसावळ_लोकोशेड_शेजारी
माझं उलटं झालं. इलेक्ट्रिकल मेंटेनन्सची 22 वर्षं. नावाखाली 22 लिहायचो तेव्हा फोनच येत नव्हते. आकडा काढून ‘मेंटेनन्स फोरमन, एचटी पॅनल व मोटर’ एवढंच ठेवलं, तर दोन ठिकाणी बोलावलं. वर्षं लिहूच नयेत या मताचा मी. आकडा बघून लोक वय आणि पगार दोन्ही मोजतात.

तिसरी_पाळी
काका, तुमचं बरोबर आहे, तुमच्यापुरतं. जाहिरातीत 5 ते 8 वर्षं मागितली असतील तर 7 हा आकडा याच्या फायद्याचा आहे. तुमचा 22 त्या कुंपणाबाहेर पडतो.

धुळेकर_ताई
लग्नाच्या बायोडाट्यात पण नावाखाली पद आणि वर्षं लिहावीत का? भावाचा करतेय.

खान्देशी_भो
ताई, तिथे फक्त पगार आणि शेती लिहा.

एचआर_वाली
सगळे वर्षांवर भांडताय, मला ‘सुपरवायझर’ खटकतंय. ऑफर लेटरवर काय पद आहे?

चटई_टू_ठिबक
‘सीनियर ऑपरेटर’. पण गेली दीड वर्षं रात्रपाळीच्या दोन लाइन आणि सहा माणसं मीच बघतो. सुपरवायझरची सही पण माझीच असते.

एचआर_वाली
मग पडताळणीत जुनी कंपनी ‘सीनियर ऑपरेटर’ सांगेल. वर ‘सुपरवायझर’ वाचून आम्ही बोलावलं तर ती फसवणूकच वाटेल.

तिसरी_पाळी
मला नाही पटत. वरची ओळ कामाची, पत्रातलं पद खाली तारखेपुढे जसंच्या तसं. आपल्याकडे कारखान्यात पदं वाढवायला मालकाचा हात आखडतो, त्याची शिक्षा माणसाने का भोगावी? फार तर ‘सीनियर ऑपरेटर (शिफ्ट सुपरव्हिजन)’ लिहा.

एचआर_वाली
हे चालेल. पहिलं नाही.

चटई_टू_ठिबक
केलं: ‘सीनियर ऑपरेटर, शिफ्ट सुपरव्हिजन | 7 वर्षे | एक्स्ट्रुजन: ठिबक लॅटरल, चटई’. नोटपॅडमध्ये नीट आलं. अप्रेंटिसशिप खाली वेगळी दाखवली.

खान्देशी_भो
अप्रेंटिसचं वर्ष सोडून दिलंस? मशीन तर तेव्हाही चालवलंच होतंस ना भो. मी तर 8 लिहिले असते.