स्ट्रक्चरल ऑडिटचा ६४ पानी अहवाल : निष्कर्ष आधी की तपासणी आधी?

टेकू :
मी इमारतींचं स्ट्रक्चरल ऑडिट करतो. मागच्या वर्षी एका सोसायटीला ६४ पानांचा अहवाल दिला. क्रम नेहमीचाच होता: प्रस्तावना, इमारतीची माहिती, कामाची व्याप्ती, डोळ्यांनी केलेली पाहणी, चाचण्या, विश्लेषण, निष्कर्ष, शिफारशी आणि शेवटी एस्टिमेट. बी विंगखालच्या पार्किंगमधल्या दोन कॉलमना लगेच टेकू द्या, हे पान ५१ वर होतं. कमिटीने पान ५८ वरचा खर्चाचा आकडा बघितला आणि विषय वार्षिक सभेवर ढकलला. चार महिन्यांनी गेलो तर टेकू लागलेलेच नव्हते. काही झालं नाही हे नशीब, पण तेव्हापासून झोप उडाली आहे. चाळून वाचणाऱ्यासाठी विभाग कसे पाडायचे आणि कुठल्या क्रमाने लावायचे?

निळी_छत्री :
सुरुवातीला एका पानाचा सारांश लावा, बाकी अहवाल आहे तसाच ठेवा. आमच्या बँकेत तपासणी अहवाल असेच येतात. साहेब पहिलं पान वाचतात, उरलेलं फाइलला लागतं.

जुना_सेक्रेटरी :
माझा निष्कर्ष आधी देण्याला विरोध आहे. मी अकरा वर्षं सोसायटीचं काम बघितलं. इमारत जुनी झाली की दोन गट पडतातच, एकाला पुनर्विकास हवा असतो, दुसऱ्याला नको. तुम्ही पहिल्या पानावर इमारतीची श्रेणी ‘सी-२ बी’ लिहिलीत की त्या पानाचा फोटो रात्रीच ग्रुपवर फिरणार. इमारत रिकामी करायची नाही, राहत्या घरात दुरुस्ती करायची, हा त्याचा अर्थ कोणी सांगत नाही. सकाळी म्हातारी माणसं दारात येऊन विचारतात, घर सोडायचं का हो? तपासणी आधी आली की माणूस पायरी पायरीने निष्कर्षाला पोचतो आणि मग तो त्याला पटतो.

टेकू :
काका, पटायला तो तिथवर पोचायला तर हवा. पान १७ ते ३० नुसते काँक्रीट ठोकून बघणाऱ्या रिबाउंड हॅमरचे आणि त्यातून ध्वनिलहरी किती वेगाने जातात त्या पल्स चाचणीचे तक्ते आहेत. तिथून पुढे कोणी गेलंय असं मला आजवर दिसलेलं नाही.

गावशिवार :
मी संस्थेचे पाणलोटाचे अहवाल लिहिते, त्यामुळे माझा अनुभव वेगळा आहे. आम्ही गावनिहाय विभाग केले होते. देणगीदारांना एकूण किती बंधारे झाले ते शोधता येईना, म्हणून पुढच्या वर्षी कामानुसार केले: बंधारे, गाळ काढणं, झाडं. मग गावातले लोक विचारू लागले, आमचं गाव कुठे आहे यात? तुमचे विभागसुद्धा कामानुसारच ठेवा असं सुचवते, निदान वर पाठवायला सोपं जातं.

ओळंबा :
गावशिवार ताईंनी कळीची गोष्ट सांगितली, पण मी नेमका उलटा सल्ला देईन. मी इतरांनी केलेली ऑडिट तपासतो, आणि माझ्या मते दोष क्रमात आहे त्याहून जास्त विभाग पाडण्यात आहे. टेकू, तुमचे विभाग तुम्ही काय काय केलंत त्यावर बेतलेत. पाहिलं, ठोकून बघितलं, पल्स लावला, हिशेब केला. त्यामुळे पार्किंगमधला एकच कॉलम चार प्रकरणांत विखुरला: तडा पाहणीत, पल्सचा वेग चाचण्यांत, सळयांचा गंज विश्लेषणात आणि टेकू शिफारशींत. चारही पानं वाचल्याशिवाय त्या कॉलमचं काय झालंय ते कळणारच नाही.

चाळणारा माणूस वरून खाली वाचत नाही, तो काहीतरी शोधत असतो. सभासद आपला मजला, आपली गच्ची, आपली विंग शोधतो. कमिटी तारीख आणि पैसे शोधते. म्हणून मुख्य अहवालाचे विभाग इमारतीच्या जागांनुसार पाडा: बी विंगचं पार्किंग, जिना, गच्ची आणि टाकी, बाहेरच्या भिंती व छज्जे, फ्लॅटच्या आतले स्लॅब. प्रत्येक जागेत तीनच गोष्टी, त्याही त्याच क्रमाने: काय दिसलं (फोटो तिथेच), कशावरून म्हणतो, काय करायचं आणि कधीपर्यंत. चाचण्यांचे सगळे तक्ते परिशिष्टात, कॉलमच्या नंबरानुसार. महापालिका किंवा दुरुस्तीचा सल्लागार तिथे बरोबर जाईल.

जागांचा क्रम निकडीनुसार लावा, मजल्यांनुसार नको. तुमच्या इमारतीत पार्किंग पहिलं येईल. गच्चीची गळती लोकांना जास्त छळते, तरी ती नंतर.

आणि मथळे बदला. ‘४.२ निरीक्षणे’ वाचून चाळणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. ‘बी विंग पार्किंग: दोन कॉलमच्या सळया गंजल्या, सात दिवसांत टेकू द्या’ असं लिहिलंत तर तो नुसत्या अनुक्रमणिकेतूनसुद्धा टेकूपर्यंत पोचतो.

निळी छत्री, सारांश हवाच, पण तो एकटा पुरत नाही. सारांश वाचून माणूस लगेच विचारतो, ‘माझ्या इथे काय?’ आणि तिथे त्याला पुन्हा तेच जुनं जंगल भेटतं. शिवाय सारांश वेगळा लिहिला की आकडे फुटतात. एका अहवालात सारांशात सात कॉलम होते आणि आत नऊ. मागाहून दोन वाढले, पहिलं पान तसंच राहिलं. सभेत तेवढ्यावरून सगळा अहवाल खोटा ठरला.

जुना_सेक्रेटरी :
जागेनुसार विभाग पटले. मथळ्यांची मात्र भीती वाटते. पल्सचा वेग ठरलेल्या मर्यादेच्या खाली आला म्हणजे काँक्रीट संशयास्पद, एवढंच ना? त्यावरून ताकद सिद्ध होत नाही. आमच्या अहवालात कोअर, म्हणजे ताकद तपासायला काँक्रीटचा कापून घेतलेला तुकडा, काढलेला नाही, असं पान १२ वर बारीक अक्षरांत होतं. तुम्ही व्याप्ती आणि मर्यादा मागे टाकल्यात तर चाळणाऱ्याच्या हाती फक्त ठाम वाक्य उरेल.

ओळंबा :
हे तुमचं बरोबर आहे, आणि माझ्या उत्तरात ते सुटलं होतं. मर्यादांचं वेगळं प्रकरण मागे गेलं तरी चालेल, पण जी मर्यादा एखाद्या निष्कर्षाला लागू आहे ती त्याच परिच्छेदात हवी. ‘कोअर काढलेला नाही, तो काढेपर्यंत खबरदारी म्हणून टेकू’ हे कॉलमच्या खालीच लिहा. मथळ्यात जे दिसलं आणि जे करायचं तेवढंच यावं. सळया उघड्या पडल्यात हे दिसतं, ते लिहा. कॉलम निकामी झाला हे अनुमान आहे, ते मथळ्यात नको.

निळी_छत्री :
आणि खर्च? तोही पहिल्या पानावर?

ओळंबा :
हो. लपवलात तर लोक तोच शोधत शेवटी जातात आणि मधलं सगळं ओलांडतात. टेकूचा खर्च मात्र मोठ्या दुरुस्तीपासून वेगळा दाखवा. तुमच्या सोसायटीत बहुधा सगळं एका बेरजेत गेलं असणार.

टेकू :
एकाच बेरजेत होतं. टेकूची ओळ तक्त्यात एकविसावी होती.

जुना_सेक्रेटरी :
खर्चाबाबत मी अजून तयार नाही. आकडा दिसला की सभासद आधी स्वतःच्या वाट्याला किती येतात ते मोजतो, मग त्याला कॉलम दिसत नाही. माझ्या मते पहिल्या पानावर फक्त टेकूचा खर्च असावा, दुरुस्तीचा आकडा जागांच्या विभागांनंतर.

टेकू :
काल रात्री जुना अहवाल कापून नव्याने लावला. मुख्य भाग १९ पानांत आला, बाकी परिशिष्ट. मग बायकोला फक्त अनुक्रमणिका दिली, दोन मिनिटं दिली आणि तीन प्रश्न विचारले: घर सोडायचं का, सगळ्यात आधी काय करायचं, गच्चीचं काम कुठे आहे? पहिली दोन उत्तरं लगेच आली. गच्चीसाठी ती ‘बाहेरच्या भिंती’ मध्ये गेली, कारण वॉटरप्रूफिंग हा शब्द मी तिथल्या मथळ्यात घातला होता. तो बदलला. खर्चाच्या पानाचे दोन्ही क्रम छापून ठेवलेत. रविवारी सोसायटीच्या कमिटीला दाखवतो, आणि टेकू लागेपर्यंत पार्किंगमधून निघत नाही.