मदत हवी आहे: एक्सपांड करून सायकलचं चाक पूर्ण होत नाहीये

आजोबांच्या जुन्या सायकलचा फोटो आहे, एकदम बाजूने काढलेला, पण मागचं चाक अर्धंच आलंय. फोटोशॉपमध्ये क्रॉप टूलने कॅनव्हास उजवीकडे ओढला, जनरेटिव्ह एक्सपांड निवडलं, प्रॉम्प्ट रिकामा ठेवून जनरेट केलं. तिन्ही व्हेरिएशनमध्ये चाक अंडाकृती येतंय आणि स्पोक जोडावरच तुटतायत 😅 मग प्रॉम्प्टमध्ये "bicycle wheel" टाकलं तर अर्ध्या चाकाला चिकटून दुसरं अख्खं चाकच उगवलं! आता वाटतंय की एक्सपांडने फक्त भिंत नि जमीन भरून घ्यावी आणि पुढचं चाक कॉपी करून मागच्या जागी मास्कने बसवावं, पण मग चेन आणि सावली कशी जुळवायची? कोणी असं केलंय का?